चार माणसांत चोवीस तास: ८ तासांची पाळी की १२ तासांची?

खानापूर भागातल्या एका पंपहाऊसवर चार ऑपरेटर असून तिथे दोन वेळापत्रकांपैकी कोणते घ्यावे, असा प्रश्न पडला आहे. आठवड्याचे १६८ तास चौघांत वाटल्यास दोन्हींत प्रत्येकी सरासरी ४२ तासच येतात. फरक पडतो तो शनिवार-रविवारच्या वाटणीत.

८ तासांच्या पद्धतीत दोन दिवस सकाळ, दोन दिवस दुपार, दोन रात्री आणि दोन दिवस सुट्टी, असे ८ दिवसांचे चक्र फिरते. सुट्टी दर वेळी एका वाराने पुढे सरकत असल्याने शनिवार-रविवार सलग मोकळे ८ आठवड्यांतून एकदाच मिळतात, आणि सुट्टीचा पहिला दिवस रात्रपाळीच्या झोपेतच जातो. वाटणी समान आहे, पण घरच्यांना ती जाणवत नाही.

१२ तासांच्या पद्धतीत सोमवार-मंगळवार काम, बुधवार-गुरुवार सुट्टी, शुक्रवार ते रविवार काम, आणि पुढच्या आठवड्यात नेमके उलट. त्यामुळे प्रत्येकाला एकाआड एक शनिवार-रविवार मिळतो. मात्र एक आठवडा ६० तासांचा व दुसरा २४ तासांचा होतो, म्हणून ४८ तासांवरच्या ओव्हरटाइमचा हिशेब आधीच करावा लागतो.

कोणी आजारी पडल्यास ८ तासांत आधीचा आणि नंतरचा माणूस चार-चार तास वाढवून पाळी भरून काढतात. १२ तासांत मात्र सुट्टीवरच्यालाच बोलवावे लागते.

लांबच्या गावांतून येणाऱ्यांना फेऱ्या वाचवणारी १२ तासांची पद्धत सोयीची आहे. वयस्कर माणसे असतील किंवा गैरहजेरी वारंवार होत असेल, तर ८ तासांचीच ठेवावी.