मोजणी धरायची का वही? पुरात बुडालेल्या कृषी सेवा केंद्राचा सर्व्हे

सप्टेंबर २०२५ मधे सीना नदीचं पाणी परंडा तालुक्यातल्या गावांत शिरलं, त्यानंतर तिथल्या एका कृषी सेवा केंद्राच्या सर्व्हेला मी सरांसोबत गेलो होतो, सर विम्याचे लायसनवाले सर्व्हेयर आणि मी त्यांच्या हाताखाली शिकतोय. दुकानात माल किती होता हे ठरवायचे दोन रस्ते असतात, डोळ्यासमोरचा माल मोजायचा किंवा वहीवरून काढायचा. ज्यांचा क्लेम चालू आहे त्यांना दोन्हीतला फरक कळावा म्हणून लिहितोय.

आधी मोजणी. सरांनी सगळ्यात पहिले भिंतीवरची गाळाची रेघ बघितली, छातीएवढी होती. रेघेच्या वरच्या रॅकमधला २,३५,००० चा माल कोरडा आणि चांगला. खाली भिजलेला पण दिसणारा माल ५,६०,००० चा, म्हणजे फुगलेलं बियाणं, दगड झालेली खताची पोती, लेबल गळून पडलेल्या औषधाच्या बाटल्या. बाटली सीलबंद असली तरी लेबलशिवाय ती विकता येत नाही, म्हणून ती नुकसानीतच. भाव सगळीकडे खरेदीचा धरला, विक्रीचा नाही, कारण न झालेला नफा स्टॉकच्या पॉलिसीत मिळत नाही.

मोजणीचा फायदा हा की त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. पण खताच्या दुकानात ती दुकानदारावर अन्याय करते, कारण युरिया पाण्यात विरघळून निघून जातो आणि खाली नुसती रिकामी पिशवी राहते. मग जे दिसत नाही ते मोजणार कसं?

आता वही. १ एप्रिलचा स्टॉक ९,४०,०००, त्यात पुरापर्यंतची खरेदी ३१,६०,००० मिळवली. विक्री ३४,००,००० ची, आणि मागच्या वर्षांच्या हिशेबावरून विक्रीवर नफा १० टक्के निघाला, म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी किंमत ३०,६०,०००. ती वजा केली की उरतात १०,४०,०००. मोजणीत मात्र एकूण ७,९५,०००. मधले २,४५,००० गेले कुठं?

इथं सर घाई करत नाहीत हे मला फार आवडतं. त्यांनी गाळातल्या रिकाम्या पिशव्या एकेक झटकून मोजायला लावल्या आणि तो आकडा पॉस मशीनच्या शिल्लकीशी लावला, कारण अनुदानाचं खत त्या मशीनवर आधारसारखी ओळख लावूनच विकलं जातं, त्यामुळे तिथली शिल्लक सहसा खरी असते. जुळलं. १,३०,००० चं खत खरंच वाहून गेलेलं. राहिले १,१५,०००.

सरांनी दुकानदार मामांना सरळ विचारलं, "मामा, सोयाबीनच्या फवारणीला उधारीवर किती दिलंत?"

मामा गप्प झाले, मग आतून ओली वही आणली. "साहेब, खोटं सांगायलो नाही, बिलं करायची राहिली. सोयाबीन निघालं की पैसे येतात, तवाच बिल करतो आम्ही." पानं चिकटलेली होती, पण बॉलपेनची अक्षरं वाचता येत होती. उधारी १,२८,००० ची, खरेदीच्या भावात साधारण १,१५,०००. तो माल पुराच्या आधीच शेतात गेला होता, त्यामुळे तो नुकसानीत येत नाही.

म्हणजे पुराच्या दिवशी खरा स्टॉक ९,२५,०००. कोरडा माल वजा केला की नुकसान ६,९०,०००, त्यातून धुऊन विकता येतील असे पंप आणि पाइप ४०,००० चे कमी केले, राहिले ६,५०,०००.

मामांचा पोरगा म्हणाला, उधारीची वही दाखवलीच नसती तर क्लेम वाढला नसता का? सरांनी तिथंच कागदावर मांडून दाखवलं. पॉलिसी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षाची, विमा रक्कम ८,००,०००. या पॉलिसीत विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी काढलेला असला तर सोडून देतात, त्याच्यावर गेलं की त्या प्रमाणात क्लेम कापतात. ९,२५,००० वर कमतरता साडेतेरा टक्के, म्हणजे कपात नाही. १०,४०,००० धरले असते तर ती २३ टक्के झाली असती आणि कोरडा माल, पंप, पाइप वजा करून उरलेल्या ७,६५,००० चे कापून ५,८८,००० राहिले असते. नुसत्या मोजणीवर पंप, पाइप वजा करून ५,२०,०००. (तिन्हीतून पॉलिसीतला एक्सेस, म्हणजे दुकानदाराने स्वतः सोसायचा हिस्सा, जाईल तो वेगळा.) पोरगा दोनदा मोबाईलवर गणित करून बघत होता.

माझं मत सांगतो, कापड किंवा भांड्यांचं दुकान असेल, माल जागेवर राहिला असेल तर मोजणीवरच जास्त भर द्या. खत, साखर, मीठ असलं विरघळणारं काही असेल किंवा माल वाहून गेला असेल तर वही लागणारच, पण वहीचा आकडा रिकाम्या पिशव्या, पॉस, उधारी, खरेदीची बिलं यांच्याशी लावल्याशिवाय धरू नका. आणि बँकेला सीसी कर्जासाठी दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट आधीच काढून ठेवा, मामांनी तिथं १४ लाख दाखवले होते, सर्व्हेयर ते मागतोच. सरांनी रिपोर्टमधे तो आकडाही लिहिला आणि तो का धरला नाही हे खरेदीच्या बिलांसकट खाली मांडलं, म्हणजे कंपनीकडून प्रश्न आला तर उत्तर फाईलमधेच तयार.