‘डिस्क गेली’ म्हणून ४,८०० रुपये घेतले, आधी कनेक्टर तपासायला हवा होता

गुहागरच्या किनाऱ्यालगतच्या एका घरगुती निवासात चार कॅमेरे आहेत. जूनच्या पहिल्या पावसात रात्रभर लाईट ये-जा करत होती. सकाळी कॅमेऱ्यांचं चित्रण डिस्कवर साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, बीप-बीप करू लागला. टीव्हीवर चारही चित्रं व्यवस्थित दिसत होती, मागचं रेकॉर्डिंग मात्र एकही उघडेना. दुरुस्तीवाला आला. त्याने स्क्रीनवरचं No Disk मालकांना दाखवलं आणि डिस्क गेल्याचं सांगितलं. मग १ टीबीची ‘नवी’ डिस्क बसवून ४,८०० रुपये घेतले. बिल दिलं नाही आणि जुनी डिस्क ‘भंगारात टाकतो’ म्हणून सोबत नेली.

बारा दिवसांनी रेकॉर्डिंग पुन्हा थांबलं. त्याने येऊन फॉरमॅट केलं आणि ५०० रुपये घेतले. पुढच्या पंधरवड्यात तेच झालं, पुन्हा ५००. तिसऱ्या वेळी मालकांनी दुसऱ्या माणसाला बोलावलं, तेव्हा सगळं उघडकीला आलं.

आधी या बारा दिवसांचा हिशेब बघा. चार कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला एकूण ८ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला साधारण १ एमबी आणि दिवसाला ८६ जीबी. १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. भरल्यावर सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहायचं, हे काम Overwrite सेटिंग करतं. इथे ते बंद होतं. त्यामुळे डिस्क भरली की डीव्हीआर गप्प बसायचा, आणि फॉरमॅट केलं की पुढचे साडेअकरा दिवस पुन्हा सुरू. या थांबण्यामागे बिघाड काहीच नव्हता. मेनूमध्ये स्टोरेजखाली जाऊन हे सेटिंग बघायला दोन मिनिटं लागतात. काही डीव्हीआरमध्ये तिथे HDD Full असं लिहिलेलं असतं आणि पुढे Stop किंवा Overwrite निवडायचं असतं.

डिस्क भरली आहे की बिघडली आहे, हे प्लेबॅकच्या कॅलेंडरवरून ओळखता येतं. भरलेली असेल तर रेकॉर्डिंग एका ठरावीक दिवसापर्यंत सलग दिसतं आणि तिथून पुढे काहीच नसतं. डिस्कच्या यादीत Normal आणि रिकामी जागा शून्य दिसते. कनेक्शन सैल असेल तर मधलेच तास गायब असतात, बहुतेक वेळा लाईट जाऊन आल्यानंतरचे. त्याचं कारण असं की डिस्क फिरायला लागताना नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढते. तेव्हा पिवळ्या वायरीवरचे १२ व्होल्ट कमी पडले तर मोटर फिरतच नाही आणि स्क्रीनवर No Disk येतं. अॅडॉप्टर कमजोर झाला असेल तरीही असंच होतं, म्हणून जमलं तर तेवढ्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अॅडॉप्टर लावून बघावा.

या निवासातला डीव्हीआर समुद्राकडच्या खिडकीपाशी ठेवलेला होता. झाकण उघडलं तेव्हा डिस्कला पॉवर देणाऱ्या वायरीच्या टोकाचे पितळी पट्टे हिरवट पडलेले होते आणि बोटाने हलवलं की कनेक्टर डुगडुगत होता. खारा वारा आणि दमट हवा यांचं हे नेहमीचं काम. नवी डिस्क बसवताना कनेक्टर काढून पुन्हा खोचला गेला आणि तेवढ्यानेच संपर्क जुळला असणं अगदी शक्य आहे. जुनी डिस्क हाती नसल्यामुळे ती चांगली होती का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पाहुण्यांची सगळी चित्रंही तिच्याबरोबर गेली.

तपासायचं असेल तर आधी डीव्हीआर मेनूतून बंद करा आणि अॅडॉप्टर भिंतीतून काढा. झाकण उघडून डिस्कची पॉवरची आणि डेटाची अशा दोन्ही वायरी काढून सरळ, घट्ट खोचा. पट्टे हिरवे असतील तर काँटॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या. पकड सैलच राहिली तर वायर बदला. ती डिस्कच्या मानाने फार स्वस्त असते. चालू केल्यावर डिस्कवर हलकं बोट ठेवलं तर फिरण्याची बारीक थरथर जाणवते. तरीही टक-टक असा आवाज परत परत येत असेल तर डिस्क खरोखर जात आहे असं समजा. डिस्क दिसू लागली पण Uninitialized, म्हणजे वापरासाठी तयार केलेली नाही, असं म्हणत असेल आणि जुनं चित्रण हवं असेल, तर फॉरमॅटला हात लावू नका.

आता ती ‘नवी’ डिस्क. बऱ्याच डीव्हीआरमध्ये S.M.A.R.T. नावाचं पान असतं. त्यात Power On Hours म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली ते कळतं. वर्षाचे तास ८,७६०. बसवून दीड महिनाही न झालेल्या या डिस्कवर १९,२०० दिसत होते, म्हणजे दोन वर्षांहून जास्त वापर. डिस्कवरच्या खराब म्हणून बदललेल्या जागा मोजणारा Reallocated Sector Count आणि संशयास्पद जागा मोजणारा Current Pending Sector यांचे Raw म्हणजे कच्चे आकडेही तिथेच बघा. नव्या डिस्कवर दोन्ही शून्य असायला हवेत. तासांचा आकडा पुसूनही डिस्क विकल्या जातात, म्हणून नुसत्या शून्यावर भरवसा ठेवू नका. लेबलवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून बघा आणि तोच नंबर बिलावर लिहून घ्या. जुनी डिस्क मात्र स्वतःकडेच ठेवा.