झायलिटॉल, सात महिन्यांनंतर: चहा गोड, पोट नाराज आणि लाडवाचा हिशेब

साखरेऐवजी घेतलेल्या झायलिटॉलच्या या पाकिटाविषयी चांगले लिहायचे, असे मी चौथ्या महिन्यात ठरवले होते. ते तेव्हाच लिहून टाकले असते, तर आज मला ते खोडावे लागले असते. एक किलोचे पाकीट मी ८५० रुपयांना घेतले. पुढच्या बाजूस मोठ्या अक्षरांत 'नैसर्गिक बर्च साखर' असे लिहिलेले आहे आणि मागे घटकांत 'झायलिटॉल, आयएनएस ९६७' एवढेच. ही दोन नावे एकाच पदार्थाची आहेत हे ग्राहकाने स्वतः ओळखावे, अशी उत्पादकाची अपेक्षा असावी.

चवीबद्दल माझी तक्रार नाही. गोडी साखरेइतकीच आहे, त्यामुळे चमच्यांचे गणित बदलावे लागत नाही आणि मागे कडवट चव उरत नाही. मात्र हे दाणे विरघळताना तोंडातील उष्णता ओढून घेतात, त्यामुळे जिभेला गारवा जाणवतो. चहात तो कळत नाही, पण कोरडा दाणा तोंडात टाकला की पेपरमिंट खाल्ल्यासारखे वाटते.

पहिल्या आठवड्यात माझे पोट पार बिघडले. दुपारी पोटात गुडगुड, संध्याकाळी वायू आणि रात्री पातळ जुलाब. मी आधी दूधवाल्याला दोष दिला, मग बाहेरच्या मिसळीला. पाचव्या दिवशी पाकीट कात्रीने पूर्ण उघडले, तेव्हा चिकटवलेल्या घडीच्या आत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, पॉलिऑल्समुळे, म्हणजे झायलिटॉलसारख्या गोड पदार्थांमुळे, जुलाब होऊ शकतात अशी सूचना इंग्रजीत सापडली. सूचना छापली आहे, पण ज्याने पाकीट फाडले त्यालाच ती दिसते. माझा या घडीवरचा राग अजून गेलेला नाही.

दोष अर्धा माझाही होता. दिवसातून चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, चमच्यात सुमारे ४ ग्रॅम, म्हणजे पहिल्याच दिवसापासून मी ३२ ग्रॅम पोटात घालत होतो. झायलिटॉल असो वा त्याचा भाऊबंद सॉर्बिटॉल, ही साखरेपासून बनणारी अल्कोहोले लहान आतड्यात अतिशय सावकाश आणि अर्धवट शोषली जातात. उरलेला भाग आतड्यात पाणी ओढून धरतो आणि मोठ्या आतड्यात पोहोचला की तेथील जिवाणू तो आंबवून वायू तयार करतात. शिळे दूध नाही, मिसळही नाही. माझा चहाच रेचक झाला होता.

सॉर्बिटॉल याबाबत जरा अधिकच खोडकर आहे. मधुमेहींसाठीची मिठाई, साखरविरहित च्युइंगगम आणि कित्येक पातळ औषधे त्यानेच गोड केलेली असतात, आणि नासपती व सुक्या आलुबुखारात तर ते निसर्गतःच असते. २००८ साली बर्लिनच्या डॉक्टरांनी नोंदवलेले एक प्रकरण वैद्यकीय वर्तुळात प्रसिद्ध आहे. २१ वर्षांच्या तरुणीचे वजन ११ किलोंनी घटले होते आणि जुलाब थांबत नव्हते. विचारपूस झाली, तेव्हा ती गमच्या कांड्यांतून रोज १८ ते २० ग्रॅम सॉर्बिटॉल चघळत असल्याचे कळले. गम बंद केला आणि जुलाब थांबले. हे वाचल्यावर माझ्या मनातला मिसळवाल्यावरचा संशय कायमचा गेला.

मी मग प्रमाण एका कपात अर्ध्या चमच्यावर आणले, रिकाम्या पोटी घेणे टाळले आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढवले. तीन आठवड्यांत पोटाने जुळवून घेतले. तेथून पुढे मी या पाकिटाचा प्रचारकच होतो. माझे मत बदलले ते सातव्या महिन्यात, बेसनाच्या लाडवांमुळे.

घरात साखर ठेवायचीच नाही असे ठरलेले असल्याने सौ.ने २४० ग्रॅम झायलिटॉल मिक्सरमध्ये दळून वीस लाडू वळले. लाडू तोंडात टाकताच थंडगार लागत होता, तो विनोद वेगळा. ताट बाजूच्या स्टुलावर होते. आमचा बंड्या, १४ किलोंचा गावठी कुत्रा, तेथे पोहोचला. ताटात एकोणीस उरले आणि जमिनीवर थोडा भुगा. आम्ही हसलो. पाऊण तासाने तो ओकला, मग मागचे पाय लटपटले आणि भिंतीला टेकून बसला.

पशुवैद्यांना फोन केल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, लाडू कशाने गोड केला होता? मी 'बर्च साखर' म्हटल्यावर त्यांनी पाकिटावरचे मागचे अक्षर वाचायला सांगितले, आणि ऐकताच हिरड्यांवर लगेच साखरेचे पाणी चोळा, काही गिळायला लावू नका आणि ताबडतोब घेऊन या, असे बजावले. घरात साखर नव्हती. शेजारच्या वहिनींकडून वाटीभर आणावी लागली.

दवाखान्यात त्याची रक्तशर्करा ४६ निघाली. कुत्र्यात ती साठच्या खाली गेली की चिंता सुरू होते. डॉक्टरांनी समजावले ते असे. माणसाचे स्वादुपिंड झायलिटॉलकडे फारसे लक्ष देत नाही, मात्र कुत्र्याच्या स्वादुपिंडाला ते साखर आल्यासारखे वाटते आणि ते एकदम भरमसाट इन्सुलिन सोडते. पचवायला खरी साखर आलेलीच नसते, त्यामुळे रक्तातली आहे तीच झपाट्याने उतरते. वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेले की हा धोका सुरू होतो आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृतालाही इजा होऊ शकते.

आता लाडवाचा हिशेब. एका लाडवात १२ ग्रॅम. बंड्यासाठी पहिली मर्यादा १.४ ग्रॅम, म्हणजे लाडवाचा एक अष्टमांशही नाही. दुसरी ७ ग्रॅम, म्हणजे अर्ध्याहून थोडा अधिक. जमिनीवरचा भुगा अर्ध्या लाडवाचा होता की पाव लाडवाचा, यावर आमच्या घरात अजून मतभेद आहेत. डॉक्टरांनी पूर्ण लाडू गेला असे धरले. तो आधीच लटपटत असल्याने मुद्दाम ओकवले नाही, कारण ओकारी श्वासनळीत जाण्याची भीती असते. शिरेतून डेक्स्ट्रोज सुरू केले, दर तासाला शर्करा तपासली आणि रात्रभर ठेवून घेतले. सकाळी तो शेपूट हलवत उठला, तरी यकृताच्या तपासण्या तीन दिवस चालल्या, कारण ती इजा मागाहून दिसते. दुसऱ्या दिवशी एक आकडा किंचित चढला आणि नंतर उतरला. एकूण बिल ११,२०० रुपये. किलोभर साखरेचा पर्याय एवढ्या भावाने पडेल याचा अंदाज मला नव्हता.

सॉर्बिटॉल व त्याच जातकुळीतले एरिथ्रिटॉल कुत्र्यात असे इन्सुलिन उसळवत नाहीत, हेही डॉक्टरांनीच सांगितले. या दोहोंमुळे फार तर पोट बिघडते. म्हणजे धोकादायक नेमके तेच, ज्याचे मी शेजारीपाजारी गुणगान करत होतो.

कंपनीला पत्र लिहून मी विचारले की, कुत्र्यांबाबत एक ओळ पुढच्या बाजूस छापायला काय हरकत आहे. उत्तर आले, 'हे उत्पादन केवळ मानवी सेवनासाठी आहे.' मी दुसऱ्या पत्रात घडीचा फोटो जोडला. त्याचे उत्तर आलेले नाही.

सध्या आमच्याकडे एरिथ्रिटॉल आहे. त्याचा बराचसा भाग लहान आतड्यात शोषला जाऊन लघवीवाटे निघून जातो, म्हणून पोटाला ते सोपे पडते, पण गोडी साखरेच्या सुमारे ७० टक्के असल्याने चमचा वाढतो आणि खर्चही. झायलिटॉलचे उरलेले पाकीट मी टाकलेले नाही, पैसे मोजले आहेत. ते बहिणीकडे दिले, तिच्याकडे कुत्रा नाही. त्यावर मी स्वतः जाड मार्करने लिहिले आहे: 'कुत्र्यास विष. माणसास एका वेळी एक चमचा.' घडीच्या बाहेर, समोरच्या बाजूला.