मॉर्फो की सोनपाखरू? रंगद्रव्याविना रंग दाखवायचा तर कोणता नमुना घ्यावा

प्रात्यक्षिकासाठी एकच नमुना घ्यायचा असेल तर निवड साधारण दोघांत होते: दक्षिण अमेरिकेतलं निळं मॉर्फो फुलपाखरू, नाहीतर आपल्याकडे पावसाळ्यात बाभळीवर सापडणारं हिरवं सोनपाखरू. दोघांच्याही चमकीमागे रंगद्रव्य नाही. पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलाटा एकमेकींत मिसळतात, काही तरंगलांबी बळावतात, बाकीच्या विझतात.

मॉर्फोच्या पंखावरच्या प्रत्येक खवल्यावर बारीक कडा असतात आणि प्रत्येक कडेला कायटिनच्या फळ्या, मध्ये हवा. सोयीसाठी फळी ६५ नॅनोमीटर आणि हवेची फट १३० धरू. कायटिनचा अपवर्तनांक १.५६. बळावणारी तरंगलांबी म्हणजे २ × (१.५६ × ६५ + १३०), सुमारे ४६३ नॅनोमीटर. निळा. आता पंखावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टाका. फटीत हवेऐवजी १.३७ अपवर्तनांकाचा द्रव शिरतो आणि आकडा ५५९ च्या आसपास जातो. पंख डोळ्यांदेखत हिरवा होतो, द्रव उडाला की पुन्हा निळा. इथे पाणी वापरू नका. खवले ते झटकून टाकतात, थेंब गोळा होऊन घरंगळतो आणि मुलांना काहीच दिसत नाही.

सोनपाखराच्या कडक कवचावर हाच थेंब काही करत नाही, कारण तिथले थर घट्ट चिकटलेले, मध्ये हवा नाही. (जपानच्या तामामुशी भुंग्यात असे वीसेक थर असतात.) त्याची खरी कसोटी म्हणजे कोन. समोरून ५६० नॅनोमीटरचा हिरवा परतवणारं कवच साठ अंशांतून पाहिलं, तर थरांचा सरासरी अपवर्तनांक १.६ धरून तरंगलांबी ४७० च्या घरात येते, म्हणजे निळसर. मॉर्फोत हा बदल फारसा जाणवत नाही. त्याच्या कडा अरुंद आणि कमीजास्त उंचीच्या असल्याने निळा रंग सगळीकडे पसरतो. म्हणून 'कोन बदलला की रंग बदलतो' हे शिकवायला मॉर्फो घेतलात तर फसाल.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: दोन्हींत मेलॅनिन असतं. ते निळा किंवा हिरवा बनवत नाही. थरांतून पलीकडे गेलेला प्रकाश शोषून रंग गडद ठेवतं.

टिकाऊपणात सोनपाखरू सरस. जपानमध्ये नारा इथल्या होर्यूजी मंदिरात सातव्या शतकातली अशा कवचांनी सजवलेली पेटी आहे. मॉर्फोला बोट लागलं की खवले निघतात. आणि मेलेल्या सोनपाखराचं कवच झाडाखाली मिळालं तर फुकट.

माझं मत विचाराल तर वर्गात हाताळायला सोनपाखरूच. पण 'हा रंग म्हणजे रंगद्रव्यच' असं कुणी हट्टाने म्हणत असेल, तर मॉर्फोचा एक लहानसा तुकडा आणि ड्रॉपर जवळ ठेवा.