प्लॅस्टरच्या जागी उघडी वीट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिने झाले, खोल्यांच्या फोटोंमधल्या भिंती बदलायला मी डिफ्यूजन मॉडेलचं इनपेंटिंग, म्हणजे चित्राचा निवडलेला भाग AI कडून नव्यानं काढून घेणं, जवळजवळ रोज वापरतेय. मागणी बहुतेक वेळा एकच: सोफ्यामागची भिंत विटांची करा, बाकी कशाला हात लावू नका. वीट काढणं मॉडेलला सहज जमतं. सगळी मेहनत जाते ती बाकीचं जपण्यात.

मास्क म्हणजे मॉडेलला बदलायला आखून दिलेला भाग. त्याच्या बाहेरचं आपोआप जसंच्या तसं राहतं, असा माझा समज होता. पण अख्खं चित्र एन्कोड होऊन परत डीकोड होतं, आणि त्यात पडद्याची वीण किंवा पुस्तकांवरची बारीक अक्षरं बिघडतात. काही टूल्स मूळ पिक्सेल परत बसवतात, काही बसवत नाहीत. तपासायचं तर मूळ फोटो वरच्या लेयरवर ठेवून ब्लेंड मोड Difference करा आणि उजेड भरपूर वाढवा. मास्कबाहेर काळ्याशिवाय काहीही दिसलं, तर शेजारची वस्तू बदललीय.

म्हणून मी आता दोन मास्क करते. मॉडेलला देते तो भिंतीच्या कडेपेक्षा दहा-बारा पिक्सेल मोठा, कारण ही मॉडेल्स आतून साधारण 8 बाय 8 पिक्सेलच्या ठोकळ्यांत काम करतात आणि नेमकी कड त्यांना पाळता येत नाही. वीट खुशाल सोफ्यावर आणि स्कर्टिंगवर जाऊ दे. मग तो निकाल मूळ फोटोवर ठेवून दुसऱ्या, काटेकोर मास्कनं कापायचा, कडेला जेमतेम एक-दोन पिक्सेलची मऊ किनार. कडेला प्लॅस्टरची पांढरी रेघ राहायची, ती यानंच गेली. कुंडीतल्या झाडाच्या पानांमधून मात्र ती अजून हातानंच पुसावी लागते.

उजेडाचं गणित मला सर्वात उशिरा कळलं. एका फोटोत भिंतीवर उभ्या दिव्याची तिरपी सावली होती. जुनं चित्र किती बदलायचं ते ठरवणारं Denoising strength 0.5 ठेवलं तर सावली राहिली, पण वीट चुना फासल्यासारखी पांढुरकी आली. 0.9 वर वीट अस्सल आली आणि सावली गायब. उपाय जुन्या भिंतीतच होता. प्लॅस्टर एकरंगी असल्यामुळे त्यावर उजेड कुठे किती पडलाय याची नोंद आयती असते. मूळ भिंतीचा रंग काढून टाकला, थोडी धूसर केली, तिचा सर्वात उजळ भाग पांढरा होईपर्यंत वर आणला आणि विटांवर Multiply या ब्लेंड मोडमध्ये ठेवली. सावली जागच्या जागी आली! मात्र वीट सपाट उजेडातली हवी, नाहीतर उजेड-सावली दुप्पट होते.

विटांचे थर मोजायची सवयही लावून घेतलीय. वीट आणि सांधा मिळून थर साधारण 7.5 ते 10 सेंटिमीटरचा, म्हणजे 2.7 मीटर उंच भिंतीत 27 ते 36 थर. पंधराच दिसले, तर खोली बाहुलीघर वाटते.

एक उणीव राहतेच. पांढऱ्या भिंतीवरून छतावर उडालेला उजेड वीट आल्यावरही तसाच राहतो, खरं तर तो कमी आणि किंचित तांबूस व्हायला हवा. छताला हात लावायचा नाही, अशी अट असली की मी तो तसाच सोडते.