बंद कधी ठेवावं: बाजाराच्या दिवशी, रविवारी, की बाजाराच्या दुसऱ्या दिवशी?

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, दोन-अडीचशे घरांचं. दुकान किराण्याचं, घराच्याच पुढच्या खोलीत. बाजार गावात भरत नाही, तो सहा किलोमीटरवरच्या मोठ्या गावी बुधवारी. विदर्भात असं दुकान चालवणाऱ्याला यावरून बाकीचं चित्र दिसेलच. कोणी नव्यानं दुकान टाकत असेल किंवा वेळ बदलायच्या विचारात असेल, तर मी तिन्ही वार करून पाहिले आहेत. तुमच्या गावाची तऱ्हा वेगळी असू शकते, हे धरूनच वाचा.

आधी रोजच्या वेळेचं बोलून घेऊ, कारण त्यात फार डोकं लावावं लागलं नाही. दिवसभर सरळ उघडं ठेवणं की सकाळ-संध्याकाळ अशा दोन पाळ्या? दोन आठवडे मी वहीच्या मागच्या पानावर गिऱ्हाइकागणिक एक रेघ मारत होतो. सकाळी सहा ते नऊमध्ये रेघांची गर्दी, कारण निंदायला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या बायका त्याच वेळी डबा करतात: चहापत्ती, साखर, तेलाची पन्नी. दहाच्या सुमारास शाळेची पोरं. मग साडेचारपर्यंत पान जवळपास कोरं. दुपारी येणारे बहुतेक ओट्यावर बसायलाच येत. म्हणून मी सहा ते साडेदहा आणि साडेचार ते नऊ करून टाकलं. मार्चनंतर शाळा सकाळची होते, वावरातली कामंही लोक उन्हाआधी उरकतात, तेव्हा दोन्ही पाळ्या सरकवाव्या लागतात: सकाळी अर्धा-पाऊण तास आधी उघडायचं, आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत उघडून उपयोग नाही, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुकान एसटीच्या थांब्यावर असेल आणि फ्रीज असेल, तर मात्र माझं ऐकू नका. थंड बाटली दुपारीच खपते.

खरा घोळ साप्ताहिक सुट्टीचा. कायद्याची अडचण नाही. राज्याचा 2017 चा दुकाने अधिनियम आल्यापासून अमुक वारी दुकान बंद ठेवा अशी सक्ती राहिली नाही. कामाला माणूस ठेवला असेल तर त्याला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायची, तेवढं पाहा. घरच्या घरी चालणाऱ्या दुकानाला वार आपणच ठरवायचा.

मी पहिल्यांदा बुधवार धरला. हिशेब सरळ वाटला: निम्मं गाव बाजाराला गेलेलं, दुकान उघडं ठेवून करायचं काय? त्या दिवशी सकाळची विक्री खरोखरच पडते. दोन महिने, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, मी बुधवारी शटर उचललंच नाही.

आता कडीची गोष्ट. घर आणि दुकान एकच असलं की समोरचं शटर बंद म्हणजे मागचं दार उघडं, असा गावाचा समज असतो. संध्याकाळी साडेसहाच्या गाडीनं लोक बाजारातून परतायचे आणि सातपासून कडी वाजायची. “भाऊ, तेलाची पन्नी द्या ना एक, भाजी चुलीवर हाय.” नाही म्हणावं तर उद्या तोंड दाखवायचंय. मी अंधारात दुकानात जाऊन हाताला लागेल ते आणून द्यायचो. उधारीची वही दुकानात गल्ल्याखाली, मी मागच्या दारात. उद्या लिहू म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही की पन्नी शेजारच्या वहिनींनी नेली की त्यांच्या जावेनं. एका बुधवारी मी मोजलं, कडी अकरा वेळा वाजली. सुट्टी ती कसली!

पण चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. बुधवार हा मजुरांच्या चुकाऱ्याचा दिवस. आठवड्याची मजुरी हातात पडते, माणूस बाजार करतो, उरलेले पैसे खिशात घेऊन संध्याकाळी गावात उतरतो. दुकान उघडं दिसलं तर आपणहून ओट्यावर चढून म्हणतो, “लिवा भाऊ, तीनशे जमा.” बंद दिसलं की पैसे घरी जातात, आणि गुरुवारी सकाळी त्यातले किती राहतील याचा नेम नाही. त्या दोन महिन्यांत जेवढ्या वेळा कडी वाजली, तेवढ्या वेळा माल न्यायलाच वाजली. उधारी द्यायला मागच्या दाराची कडी कोणी वाजवत नाही. दिवाळीला वही बेरजेला घेतली तर बाकी नऊ हजारांवरून सोळा हजारांवर गेलेली. सगळा दोष बुधवारचा नसेलही, सोयाबीन त्या वर्षी उशिरा निघालं होतं. तरी माझा संशय जात नाही.

मग रविवार. रविवारचा फायदा एवढाच की लग्न, तेरवी, साक्षगंध यांना जाता येतं. पण पोरं दिवसभर घरी, पाहुणे येतात, साखर-रवा लागतो. शिवाय वावरातल्या मजुराला रविवार माहीत नसतो, तो त्या दिवशीही सकाळी सहाला चहापत्ती मागतो. महिनाभरात सोडलं.

आता गुरुवार आहे. आदल्या दिवशी घराघरात पिशव्या भरलेल्या, त्यामुळे आठवड्यातला सगळ्यात थंड दिवस तोच. बुधवारी मी सकाळी नेहमीसारखा, दुपारी बंद, आणि संध्याकाळी गाडी यायच्या आत गल्ल्यावर वही उघडून बसलेला असतो. गुरुवारी सकाळी साडेआठपर्यंत डब्यापुरतं उघडतो आणि मग घराला कुलूप लावून आम्ही दोघं तालुक्याला ठोक माल भरायला जातो. कुलूप महत्त्वाचं. घरी थांबलात तर कडी वाजणारच. वार ठरवताना एवढं पाहा की तालुक्याचं ठोक मार्केट त्या दिवशी बंद नाही. आमच्याकडे ते शनिवारी बंद असतं, नाहीतर सुट्टीही गेली आणि मालही नाही.

सणांचं थोडक्यात. पूर्ण दिवस बंद मी वर्षात फार थोडे ठेवतो. पोळ्याला सकाळी नारळ, कापूर, बेसन, गूळ लागतोच. दुपारी पोळा भरायच्या आधी बंद करतो, कारण तेव्हा सगळं गाव तोरणाखाली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि तो दिवस मी पूर्वी बंद ठेवायचो, ही चूक होती. लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरलेली पोरं बोजाऱ्याची नाणी मुठीत धरून चॉकलेटला येतात. विक्री लहान, पण पुढचा आठवडाभर सुट्ट्या पैशांची चिंता नाही. धुळवडीला सकाळी लसूण, तेल, मसाला आणि दहानंतर बंद. दसऱ्याला गावातली बरीच घरं नागपूरला दीक्षाभूमीला गेलेली असतात, तेव्हा संध्याकाळची पाळी ठेवून सकाळी उशिरा उघडलं तरी चालतं. उलट 13 एप्रिलची रात्र दहापर्यंत उघडी ठेवा, दुसऱ्या दिवशीच्या जयंतीची तयारी तेव्हा चालते.

सण बुधवारी आला की बाजार बारीक भरतो, आणि मग गुरुवार थंड राहत नाही. त्या आठवड्याची सुट्टी मी रद्द करतो आणि मंगळवारीच शटरवर खडूनं लिहितो. एकदा लिहायचं विसरलो. शुक्रवारी एक म्हातारी आजी म्हणाली, “गुरुवारी तू बंद असते म्हणून मी आलीच नाही, अन् तू तर उघडा होता म्हणे.” तिनं गूळ शेजारच्या गावातून आणवला होता.