क्लायंटचा व्हॉइस मेसेज: थेट कॅलेंडरमध्ये टाकायचा की आधी कागदावर उतरवायचा?

जीएसटीची कामं करणाऱ्या ऑफिसात १५ तारखेनंतर असे मेसेज धडाधड येतात. मेसेजची एका ओळीची नोंद आणि छोटं उत्तर करायच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत मेसेज ऐकता ऐकताच कॅलेंडर उघडून नोंद टाकतात. दुसरीत आधी कोण, कधी, काय आणणार आणि आपण काय करायचं हे चार शब्दांत कागदावर घेतात.

एका हार्डवेअरवाल्या क्लायंटचा मेसेज घेऊ, जुलैच्या थ्रीबीचा, म्हणजे जीएसटीच्या मासिक रिटर्नचा. रविवारी, १६ ऑगस्टला रात्री आला, ऐकला सोमवारी सकाळी: “सर, परवा पावणेसहाला येतो, खरेदीची बिलं घेऊन. तेवढं थ्रीबीचं चलन काढून ठेवा, म्हणजे लगेच भरून टाकू.”

थेट पद्धतीत इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. सोमवारी ऐकणारा ‘परवा’ सोमवारपासून मोजतो आणि नोंद बुधवारी १९ ला जाते. बोलणाऱ्याच्या मनात मंगळवार १८ आहे. म्हणून मेसेजखालची वेळ आधी बघायची. दुसरं म्हणजे, दुप्पट वेगाने ऐकलं की ‘पावणे’ निसटतं आणि सहा वाजता भेट लागते. दीडपट वेग ठीक, पण वेळेचा तुकडा साध्या वेगानेच पुन्हा ऐकावा.

कागदावर घेतलं की तिसरी, खरी मेख दिसते. बिलं तो सोबत आणणार आणि चलन त्याआधी तयार हवं. खरेदीची बिलं पोर्टलच्या टूबीशी, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवल्याशिवाय खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट ठरत नाही, आणि क्रेडिट ठरल्याशिवाय चलनाची रक्कम कुठून येणार? घाईत “हो, ठेवतो” असं उत्तर गेलं, तर मंगळवारी संध्याकाळी क्लायंट समोर बसून राहतो आणि थ्रीबीची मुदत २० ला संपते.

नोंद अशी, वेळ वेळेच्या रकान्यात:

हार्डवेअरवाले – थ्रीबी जुलै – बिलं दु. १२ पर्यंत, मग चलन

नाव पुढे, कारण फोनवरच्या महिन्याच्या दृश्यात सुरुवातीची काही अक्षरंच दिसतात. ‘मीटिंग’ने सुरू होणाऱ्या सगळ्या नोंदी तिथे एकसारख्या दिसतात.

उत्तर:

“नमस्कार. मंगळवारी १८ ला संध्याकाळी ५:४५ ला या. खरेदीच्या बिलांचे फोटो त्याच दिवशी दुपारी १२ पर्यंत पाठवा, म्हणजे चलन तयार ठेवता येईल. मूळ बिलं सोबत आणा.”

वार, तारीख आणि आकड्यातली वेळ तिन्ही लिहायची. आपण चुकीचं ऐकलं असेल तर क्लायंट तिथेच सांगतो. बोललेल्याचा मजकूर करून देणारी सोय फोनमध्ये असेल तर ती शोधायला बरी पडते, पण त्यातली वेळ न ऐकता कॅलेंडरमध्ये उचलू नये.

“उद्या ११ ला फोन करा” एवढाच मेसेज असेल, तर कागद कशाला? थेट टाका. मेसेजात दोन कामं असतील, किंवा एक काम दुसऱ्यावर अडलेलं असेल, तर मात्र पेन उचला. जास्तीचा वेळ मिनिटभराचाच.